एकाच खरेदीची रक्कम दोनदा वजा झाल्याबाबत व त्यामुळे लागलेला रिटर्न चार्ज परत मिळण्याबाबत

दिनांक : 3 जुलै 2024

प्रति,
मा. शाखाधिकारी,
बार्शी शाखा, जि. सोलापूर

संदर्भ : 1) बचत खाते, शेवटचे चार अंक 4471
2) कस्टमर केअरकडील तक्रार, दि. 12 जून 2024
3) शाखेत दिलेला लेखी अर्ज, दि. 13 जून 2024 (पोच सोबत)

महोदय,

मी आपल्या शाखेचा जुना खातेदार आहे. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे याच खात्यावर येतात आणि बी-खताचा खर्चही इथूनच होतो. यंदा याच खर्चात माझ्या खात्यातून 18,640 रुपये जास्तीचे गेले आहेत. ते अजून परत आलेले नाहीत. 13 जूनच्या अर्जाला लेखी उत्तर मिळालेले नाही, म्हणून सगळा तपशील पुन्हा मांडत आहे.

मंगळवार, 11 जून रोजी दुपारी मार्केट यार्डाजवळच्या कृषी सेवा केंद्रातून मी सोयाबीन बियाण्याच्या पाच बॅगा, डीएपीची चार पोती आणि बीजप्रक्रियेचे औषध घेतले. बिल 18,640 रुपयांचे झाले. डेबिट कार्ड स्वाइप करून पिन टाकला. मशीन बराच वेळ फिरत राहिले, मग त्यावर नेटवर्क एरर आला आणि चिठ्ठी निघाली नाही. दुकानदाराने मशीन दाराशी नेऊन पुन्हा स्वाइप करायला सांगितले. मृगाचा पाऊस झालेला, दुकानात पेरणीची गर्दी, मागे रांग. मोबाइल खिशातच होता. दुसऱ्या वेळी चिठ्ठी निघाली आणि मी माल घेऊन बाहेर पडलो. गाडीत पोती चढवून झाल्यावर मोबाइल पाहिला, तर पैसे वजा झाल्याचे दोन मेसेज होते, एक 12.47 चा आणि दुसरा 12.51 चा.

पासबुकातही या दोन्ही नोंदी आहेत :

416312058214 : 18,640 रुपये (चिठ्ठी नाही)
416312058377 : 18,640 रुपये (चिठ्ठी आहे, प्रत सोबत)

पहिल्या नोंदीबद्दल माझी तक्रार आहे. दुसरी बरोबर आहे, तिच्याबद्दल काहीच म्हणणे नाही.

12 तारखेला कस्टमर केअरला फोन केला. 20 तारखेला "व्यवहार यशस्वी असल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे" असा मेसेज आला. शाखेत विचारले तेव्हा काउंटरवर सांगण्यात आले की मशीन दुसऱ्या बँकेचे आहे, दुकानदाराकडून पैसे घ्या. मी दुकानदाराकडे गेलोही. त्यांनी त्या दिवशीचा मशीनचा सेटलमेंट रिपोर्ट काढून दाखवला. त्यात माझ्या कार्डाचा 18,640 चा एकच व्यवहार आहे आणि त्याचा क्रमांक 377 ने संपतो. 214 ने संपणारा व्यवहार त्यात नाहीच. तसे त्यांनी दुकानाच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून दिले आहे. जे पैसे त्यांना मिळालेच नाहीत ते त्यांनी परत कुठून द्यायचे? माझे खाते आणि कार्ड आपल्या बँकेचे आहे. मशीनवाल्या बँकेशी माझा काहीही संबंध नाही. तिच्याकडे चार्जबॅक लावून रक्कम मागवणे हे काम आपल्या बँकेलाच करता येते.

पहिला व्यवहारही यशस्वी झाला असे बँकेचे अजूनही म्हणणे असेल, तर त्याची चार्ज स्लिप समोरच्या बँकेकडून मागवून तिची प्रत मला द्यावी. नुसता मेसेज पाठवून तक्रार बंद केलेली मला मान्य नाही.

रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात नेमका हाच प्रकार दिलेला आहे : दुकानातल्या मशीनवर कार्डाचे पैसे वजा झाले पण चार्ज स्लिप निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत रक्कम आपोआप परत जमा व्हायला हवी. त्यानंतर होणाऱ्या उशिरासाठी दररोज 100 रुपये भरपाई द्यायची आणि तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. माझ्या बाबतीत ही मुदत 16 जूनला संपली. 17 जूनपासून आजअखेर 17 दिवसांचे 1,700 रुपये होतात. रक्कम जमा होईपर्यंतचे पुढचे दिवस त्यात धरावेत.

इथवरच भागले असते तर एक वेळ चालले असते. 11 जूनच्या सकाळी खात्यावर 42,315 रुपये होते. दोनदा वजावट झाल्याने 5,035 उरले. 15 जूनला मोटारसायकलच्या कर्जाचा 6,215 रुपयांचा हप्ता आला आणि शिल्लक अपुरी म्हणून तो परत गेला. त्यावर आपल्या बँकेने 500 रुपये रिटर्न चार्ज आणि 90 रुपये जीएसटी असे 590 रुपये कापले. चुकीची वजावट झाली नसती तर त्या दिवशी खात्यावर 23,675 रुपये असते आणि हप्ता बिनबोभाट गेला असता. म्हणजे माझे पैसे अडकले आणि ते खात्यावर नाहीत म्हणून दंडही मलाच. 18 तारखेला फायनान्स कंपनीच्या कार्यालयात जाऊन मी हप्ता रोखीने भरला, तिथे बाउन्स चार्जचे आणखी 450 रुपये द्यावे लागले.

तरी विनंती की,

वादातील 18,640 रुपये 11 जूनच्या व्हॅल्यू डेटने खात्यावर जमा करावेत. रिटर्न चार्जचे 590 रुपये जीएसटीसह परत करावेत. उशिराची भरपाई, आजअखेर 1,700 रुपये, जमा करावी. आजच्या तारखेला हे एकूण 20,930 रुपये होतात.

याशिवाय, 15 जूनचा हप्ता खातेदाराच्या चुकीमुळे परत गेलेला नाही, असे पत्र बँकेच्या लेटरहेडवर द्यावे. ते दाखवल्यास 450 रुपये माफ करण्याचा विचार करू, असे फायनान्स कंपनीच्या माणसाने सांगितले आहे. पण मला खरी काळजी सिबिलची आहे. पुढच्या महिन्यात पीक कर्जाच्या नूतनीकरणासाठी मी याच शाखेत येणार आहे, आणि तेव्हा हा परत गेलेला हप्ता माझ्यापुढे ठेवला जाऊ नये.

माझ्या 13 जूनच्या अर्जाला 13 जुलै रोजी 30 दिवस पूर्ण होतात. तोवर निर्णय न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजना, 2021 अंतर्गत cms.rbi.org.in वर तक्रार करण्याचा मार्ग मला मोकळा आहे. शाखेशी इतक्या वर्षांचा व्यवहार असताना तिथवर जाण्याची माझी इच्छा नाही. आपण स्वतः लक्ष घालून हा अर्ज कार्ड विभागाकडे पाठवावा आणि नवीन तक्रार क्रमांक मला लेखी कळवावा. काही कागद कमी असल्यास माझ्या नोंदणीकृत मोबाइलवर फोन करावा, मी त्याच दिवशी आणून देईन. दुकानदारही शाखेत येऊन सांगायला तयार आहेत.

कृपया या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख व शिक्क्यासह पोच द्यावी.

आपला विश्वासू,
(सही)
सुनील ज्ञानोबा गव्हाणे
मु. पो. वैराग, ता. बार्शी, जि. सोलापूर

सोबत : पासबुकातील 1 ते 20 जूनच्या नोंदींची झेरॉक्स, दोन्ही मेसेजचे प्रिंट, खरेदीचे बिल व चार्ज स्लिप, दुकानदाराचे पत्र व सेटलमेंट रिपोर्ट, फायनान्स कंपनीची 18 जूनची पावती, 13 जूनच्या अर्जाची पोच.

प्रत माहितीसाठी : नोडल अधिकारी, ग्राहक तक्रार निवारण कक्ष, मुख्य कार्यालय