आईच्या गोळ्यांची यादी (संधिवाताच्या डॉक्टरांची 14 जूनची चिठ्ठी)

दादा, वहिनी, चिठ्ठीचा फोटो मोठा करून वाचला आणि आईच्या जुन्या पाकिटांशी ताडून पाहिला. जे नक्की लागलं ते सरळ लिहिलंय. जिथे ‘शंका’ आहे, तिथला आकडा मी अंदाजाने भरलेला नाही आणि केमिस्टलाही भरू देऊ नका.

सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी
लिव्होथायरॉक्सिन (थायरॉइड), रोज 1. पाण्याबरोबर, चहा अर्ध्या तासाने.
शंका: 12.5 की 125 मायक्रोग्रॅम? मध्ये टिंब आहे की शाईचा ठिपका, कळत नाही. दोन्ही गोळ्या बाजारात मिळतात, म्हणून दुकानदारही अडणार नाही. घरातली डबी 25 ची आहे, त्यामुळे तिचाही उपयोग होत नाही.

नाश्त्यानंतर
टेल्मिसार्टन 40 (बीपी), 1-0-0.
शंका: 40 च्या पुढे ‘एच’सारखं काहीतरी आहे. एच असेल तर त्यात लघवी वाढवणारं औषध जोडलेलं असतं. जुन्या पाकिटावर नुसतं 40 आहे.

दुपारी जेवणानंतर
कॅल्शियम 500, 0-1-0. स्पष्ट आहे. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायची, म्हणून दुपारीच. सकाळी उरकून टाकू नका.

रात्री जेवणानंतर
हायड्रॉक्सिक्लोरोक्विन 200, 0-0-1. स्पष्ट आहे.

मेथोट्रेक्सेट 7.5 मिलिग्रॅम: विचारल्याशिवाय पहिली गोळीसुद्धा देऊ नका
आकडा नीट वाचता येतो, पुढची अक्षरं येत नाहीत. ‘ओडी’ म्हणजे रोज एकदा, ‘ओडब्ल्यू’ म्हणजे आठवड्यातून एकदा, आणि इथे नुसतं गिचमिड आहे. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच देतात. रोज गेली तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात, जिवावर बेततं. पाकिटावर दुकानदाराने ‘रोज 1’ असं पेनाने लिहिलंय, ते आधी खोडा. वारही लिहिलेला नाही. डॉक्टरांकडून एक वार ठरवून घ्या आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर गोल करा.

फोलिक ॲसिड 5, आठवड्यातून एकदा, मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या दिवशी. हे डॉक्टरांनी मराठीत लिहिलंय, देव भलं करो. वरचा वार ठरला की याचाही ठरेल.

लागली तरच
पॅरासिटामॉल 650, दुखल्यास.
शंका: दिवसात जास्तीत जास्त किती, दोन गोळ्यांत किती तासांचं अंतर, काहीच लिहिलेलं नाही.

दादा, क्लिनिक पाचला उघडतं. रिसेप्शनवरच्या मुलीला नको, डॉक्टरांनाच विचार, या क्रमाने: मेथोट्रेक्सेट रोज की आठवड्याला आणि कोणत्या वारी, थायरॉइड 12.5 की 125, आणि उत्तर मिळेपर्यंत जुनी 25 चालू ठेवायची का, टेल्मिसार्टन साधी की एचवाली, पॅरासिटामॉल किती. उत्तरं ऐकून परत म्हणून दाखव, ‘साडेबारा’ आणि ‘एकशे पंचवीस’ असे शब्दांत. मला कळव, मी शंका काढून नवीन यादी मोठ्या अक्षरात छापून पाठवते. तोवर ही फ्रिजवर लावू नका, आई वरचं वाचून गोळी घेईल.