बंद

प्रॅक्टिकल लॅबमधल्या डमीचं नाव मुलींनी लीलाबाई ठेवलं होतं. लीलाबाईला स्पंजिंग देऊन वैदेहीने पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. डोळे आतल्या कोपऱ्याकडून बाहेर, साबण न लावता, प्रत्येक डोळ्याला कापडाचं वेगळं टोक. हात मनगटाकडून खांद्याकडे, पाय घोट्याकडून वर. पाणी गढूळ झालं की बदलायचं, गार झालं तरी बदलायचं. लीलाबाई हूं की चूं करत नसे. अंगावरची चादर राहिली काय नि सरकली काय, ती आपली छताकडे बघत पडलेली. प्रोसिजरच्या यादीत 'प्रायव्हसी राखणे' याला दोन मार्क होते आणि स्क्रीन ओढली की ते मिळून जायचे.

फीमेल मेडिकल वॉर्डातल्या नऊ नंबरच्या बेडवर सुलभाताई होत्या. बासष्ट वर्षांच्या. महिन्यापूर्वी डाव्या अंगावरून वारं गेलेलं, आता छातीत कफ होऊन ताप आला म्हणून भरती. ताप उतरला होता, सलाईन कालच निघालं होतं. केस पेपरवर एवढंच होतं. वैदेहीने तो दोनदा वाचला, मग ट्रॉली लावली. दोन बेसिन, साबण, छोटे रुमाल, टॉवेल, स्वच्छ गाऊन, ड्रॉ शीट, अंगावर घालायला मोठी सुती चादर. पाण्यात थर्मामीटर धरला. चाळीसच्या वर, त्रेचाळीसच्या आत.

"काकू, मी वैदेही, फर्स्ट इयरची स्टुडंट. तुमचं अंग पुसून द्यायचंय. चालेल ना?"

"नाही म्हटलं तर?"

या उत्तराची तयारी लॅबमध्ये झाली नव्हती. "तर... आत्ता नको. दुपारी विचारते," ती म्हणाली.

सुलभाताईंनी तिला नीट न्याहाळलं. बोलताना त्यांचा ओठ एका बाजूला ओढला जायचा, पण शब्द कळत होते. "दुपारी दुसरीच कोणीतरी येईल, न विचारता. तूच कर. आणि हा पडदा त्या टोकाला उघडा राहतो. रोज राहतो. आठ नंबरच्या सुनेला इथलं सगळं दिसतं."

पडद्याच्या दोन कड्या तुटल्या होत्या. वैदेहीने एप्रनची पिन काढून कापड दांडीला अडकवलं.

गाऊनचं आणखी वेगळंच. मागे तीन बंद असायला हवे होते, होता एक. मानेजवळचा. बाकी पाठ उघडी.

"चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले मी," सुलभाताई म्हणाल्या, "आणि आता हे घालून पडलेय. कोणी शिवलंय कोण जाणे. पुढून बाई झाकायची नि मागून सोडून द्यायची."

चांगला हात आधी मोकळा करायचा, मग लुळा. वैदेहीने उजवी बाही काढली, मोठी चादर गळ्यापर्यंत ओढली आणि आतून गाऊन सोडवून घेतला. चादर जागची हलली नाही. हे जमलं म्हणून ती मनातून खूश झाली. पण पुढच्याच क्षणी, गळ्यापासून खांद्यापर्यंत पुसताना, बघायचं कुठे हे तिला कळेना. चेहऱ्याकडे बघितलं तर सुलभाताई तिच्याकडेच बघत होत्या. छताकडे बघून अंग पुसता येत नाही.

"पहिल्यांदाच करतेस?"

"माणसाला पहिल्यांदाच."

सुलभाताई एका बाजूने हसल्या. "माझ्याकडे नवीन पोरी शिकायला यायच्या, त्यांचंही असंच व्हायचं. माप घेताना कुणी नको इतकं बघायची, कुणी बघायचंच टाळायची. दोन्हीने समोरची बाई अवघडते. मी सांगायचे, टेपकडे बघ. जिथलं माप घेतेस तिथलंच बघ, आणि आकडा मोठ्यानं म्हणू नकोस. वहीत लिही."

वैदेही रुमालाकडे बघायला लागली. एका वेळी एक हात उघडा, पुसला, कोरडा केला, झाकला. डावी मूठ घट्ट मिटलेली होती. बोटं ओढून उघडायची नाहीत हे ट्यूटरनी सांगितलं होतं. तिने मनगट हलकेच आत वाकवलं, तशी बोटं आपोआप सैल सुटली. तळव्यात घामाने भिजलेली मळाची वळी होती, आंबूस वास येत होता. तिने तो हात तसाच बेसिनमधल्या कोमट पाण्यात सोडला आणि एकेक बोट धुतलं. तर्जनीच्या टोकाला बारीक बारीक काळपट ठिपके होते, सुईचे.

"गरम आहे छान," सुलभाताई म्हणाल्या. "कळतंय मला. थोडंसं कळतं त्या हाताला."

हात पाण्यात पुस्तकात लिहिलंय त्याच्यापेक्षा जास्त वेळ राहिला.

पोट, पाय झाले. एका मांडीवर जुनी, भाजल्यासारखी, पंज्याएवढी खूण होती. सुलभाताईंचं बोलणं तिथे थांबलं. वैदेहीने ती जागा बाकीच्या पायासारखीच पुसली, टॉवेलने टिपली, चादर ओढली आणि पाणी बदलायला गेली. येताना हातमोजे घेऊन आली.

"काकू, आता खालचं. ते तुम्ही कराल की मी करू? उजवा हात चालतोय तुमचा."

"मला जमेल?"

"बघू या ना."

पेशंटला जमत असेल तर हा भाग त्यालाच करू द्यावा, असं एक वाक्य प्रोसिजरमध्ये होतंच. लीलाबाईला कधी जमलं नाही, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. वैदेहीने रुमाल पिळला, घडी करून सुलभाताईंच्या हातात दिला, "पुढून मागे पुसायचं," एवढं सांगितलं आणि लॉकरकडे तोंड केलं. एक हात मात्र बेडच्या कठड्यावर ठेवला, तोल जायला नको म्हणून. लॉकरवरच्या गोळ्यांच्या पाकिटावरची एक्स्पायरीची तारीख तिने पुनःपुन्हा वाचली. चादरीखाली हालचाल चालली होती, सावकाश, मध्ये थांबत.

तेवढ्यात पडद्याच्या पलीकडून स्टाफ सिस्टरांचा आवाज आला. "ए फर्स्ट इयर! नऊ नंबरचं खालचं धुऊन झालं का गं? राउंड यायची वेळ झाली!"

चादरीखालची हालचाल थांबली. सुलभाताईंनी डोळे मिटून घेतले.

सिस्टर काही वाईट नव्हत्या. वॉर्ड भरलेला, ड्यूटीवर दोघीच, त्यातली एक इमर्जन्सीत अडकलेली. कापडाच्या पडद्यापलीकडचं माणूस बहिरं असतं असं मात्र अख्खा वॉर्डच धरून चालायचा, डॉक्टरसुद्धा तिथे उभं राहून "मोशन झाली का?" विचारायचे.

वैदेही पडद्याच्या फटीतून बाहेर आली, तो पाठीमागे नीट ओढला आणि सिस्टरांच्या अगदी जवळ गेली. "सिस्टर, अजून पंधरा मिनिटं लागतील. झालं की मी येऊन सांगते."

"मग आतूनच सांगायचं की. एवढ्यासाठी बाहेर आलीस?"

"आतून सगळ्यांना ऐकू जातं."

सिस्टरांनी आठ नंबरकडे पाहिलं. तिथली सून हातातलं काम थांबवून इकडेच कान लावून उभी होती. "फर्स्ट इयरला आहेस ना तू?" सिस्टर म्हणाल्या. पण हळू म्हणाल्या. मग राउंडची ट्रॉली घेऊन एक नंबरपासून न जाता दुसऱ्या टोकाकडून निघाल्या.

ती आत आली तेव्हा सुलभाताईंनी रुमाल बाजूला ठेवला होता. "अर्धं झालं. मागे हात पोचत नाही. ते तू कर."

त्यांना उजव्या कुशीवर वळवताना तिने एक हात खांद्याला, एक कमरेला लावला आणि "वळवते हं" म्हणून मगच वळवलं. मागचं झालं, पाठ झाली. माकडहाडाच्या जागी रुपयाएवढा लाल डाग दिसला. तिने बोटाने दाबून सोडलं. एरवी दाबलेली जागा क्षणभर पांढरी पडते. ही लालच राहिली. चोळायचं नाही, हे तिला पक्कं आठवलं.

"काय दिसलं?"

पडद्याबाहेर जाऊन आधी सिस्टरांना सांगावं असं तिला वाटलं होतं. पण पाठ सुलभाताईंची होती. ती खाली वाकली. "कमरेखाली लाल झालंय. दाबलं तरी रंग बदलत नाही. एकाच जागी भार पडून होतं तसं. सिस्टरना सांगावं लागेल, मग दर दोन तासांनी कूस बदलतील. आत्ता मी त्या बाजूला टेकू देत नाही."

"जखम?"

"कातडी फुटलेली नाही."

सुलभाताई थोडा वेळ गप्प होत्या. "सकाळी मुलगा येतो. तो विचारेल तुला."

"तुम्ही सांगा त्याला. की मी सांगू?"

"मी सांगेन. आणि बाकीचं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"बाकीचं मी कुठे लिहीत नाही, काकू," वैदेही म्हणाली. "ते लिहायचं कारण नाही."

स्वच्छ गाऊन चढवताना उलटा क्रम, लुळा हात आधी. ती बाही शोधत होती तर सुलभाताई तिच्या आधीच म्हणाल्या, "वळत नाही तो हात आधी घाल. फिटिंगला हेच करायचो." या गाऊनला दोन बंद होते. मधला नव्हता.

"माझी पिशवी दे. खालच्या कप्प्यात."

पिशवीत कंगवा, चष्मा आणि एका चिंधीत खोचलेली सुई, दोरा गुंडाळलेली. चिंधीचीच एक पट्टी फाडून त्यांनी वैदेहीच्या हातात ठेवली. त्या कुशीवर असल्यामुळे पाठ समोरच होती, आणि शिवायची कड अंगापासून चार बोटं दूर ओढून धरता येत होती.

"राउंड येईल, काकू."

"येऊ दे. पाठ झाकून येऊ दे."

वैदेहीने दोरा ओवला. तिने शाळेनंतर सुई हातात धरली नव्हती. दोन टाके घातले आणि बंद ओढून पाहिला. ती कड पुढे ओढून धरली, तशी सुलभाताईंनी उजव्या हाताच्या बोटांनी चाचपून टाके तपासले.

"लांब लांब घातलेस. धुतला की तुटेल. उसव."

दुसऱ्या टोकाकडून ट्रॉलीची चाकं जवळ येत चालली होती. पडद्याबाहेर ट्यूटर प्रोसिजरची वही घेऊन येऊन उभ्या राहिल्या. "वैदेही, झालं का?" त्यांनी हळू विचारलं.

"दोन मिनिटं, मॅडम," ती म्हणाली आणि टाका उसवायला घेतला.