डोपामिन ड्रिपचे उदाहरण: पौंडापासून थेंबांपर्यंत

तुम्ही पाठवलेल्या फोटोत वहीचे पान तिरके आले आहे आणि वरच्या कोपऱ्यावर सावली पडली आहे, तरी उदाहरण वाचता येते. गणित सुरू करण्यापूर्वी मी ते जसे वाचले तसे लिहितो. फोटोवरून उतरवून घेतलेल्या आकड्यांत चूक झाली, तर पुढची रीत कितीही बिनचूक असली तरी उत्तर चुकणारच.

रुग्णाचे वजन १३२ पौंड. डोपामिन प्रति किलो प्रति मिनिट ५ मायक्रोग्रॅम या दराने द्यायचे आहे. २०० मिलिग्रॅम औषध असलेली ५ मिलिलिटरची दोन ॲम्प्यूल ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून एकूण २५० मिलिलिटर द्रावण केले आहे. सेट मायक्रोड्रिपचा आहे, म्हणजे ६० थेंबांना १ मिलिलिटर. (अ) मिनिटाला किती थेंब? (ब) सकाळी १० वाजता सुरू केलेल्या या ड्रिपचा डोस दुपारी २ वाजता ८ मायक्रोग्रॅम केला, तर नवा दर किती आणि बाटली कधी संपेल?

पहिली शंका डोसच्या एककाची आहे. वहीत मायक्रोग्रॅमचे चिन्ह हाताने लिहिलेले आहे आणि फोटोत ते मिलिग्रॅमसारखेही दिसते. अशा वेळी अंदाजाने पुढे न जाता दोन्ही शक्यता तपासून पाहाव्यात. प्रति किलो ५ मिलिग्रॅम धरले, तर ६० किलोच्या माणसाला मिनिटाला ३०० मिलिग्रॅम औषध जाईल आणि ४०० मिलिग्रॅमची आख्खी बाटली ८० सेकंदांत रिकामी करावी लागेल. डोपामिनचा नेहमीचा डोस प्रति किलो प्रति मिनिट साधारण २ ते २० मायक्रोग्रॅम असतो, त्यामुळे इथे मायक्रोग्रॅमच अभिप्रेत आहे. हा निर्णय वहीतल्या उदाहरणापुरता घेता येतो. वॉर्डात ऑर्डर अस्पष्ट असेल, तर ती लिहिणाऱ्या डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्यायची, आपण ठरवायची नाही.

आता वजन. डोस किलोवर सांगितला आहे आणि वजन पौंडांत दिले आहे. १ किलो म्हणजे सुमारे २.२ पौंड, म्हणून १३२ ला २.२ ने भागायचे.

१३२ ÷ २.२ = ६० किलो

इथे भागायचे की गुणायचे असा गोंधळ होतो, तेव्हा एवढेच आठवावे की किलो हे मोठे एकक आहे, म्हणून त्याचा आकडा पौंडांपेक्षा लहानच यायला हवा.

मिनिटाला लागणारे औषध असे:

५ × ६० = ३०० मायक्रोग्रॅम प्रति मिनिट

यानंतर बाटलीकडे वळू. दोन ॲम्प्यूल मिळून ४०० मिलिग्रॅम, आणि १ मिलिग्रॅम म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम. म्हणून बाटलीत एकूण ४,००,००० मायक्रोग्रॅम औषध आहे. डोस मायक्रोग्रॅममध्ये असल्यामुळे बाटलीतले औषधही त्याच एककात आणले, एवढेच.

४,००,००० ÷ २५० = १,६०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर

‘एकूण २५० मिलिलिटर’ या शब्दांकडे दुर्लक्ष करू नका. दोन ॲम्प्यूलचे मिळून १० मिलिलिटर होतात. ते घालण्याआधी बाटलीतून तेवढेच डेक्स्ट्रोज काढून टाकले, तर एकूण २५० राहतील. न काढता घातले, तर २६० होतील आणि मिलिलिटरमागे १,५३८ मायक्रोग्रॅमच्या आसपास औषध उरेल. तसे धरून गणित केले तर उत्तर ११.७, म्हणजे १२ थेंब येते. फरक एका थेंबाचा आहे, पण तो कुठून आला हे सांगता आले पाहिजे.

पुढे:

३०० ÷ १,६०० = ०.१८७५ मिलिलिटर प्रति मिनिट
०.१८७५ × ६० = ११.२५ थेंब प्रति मिनिट

म्हणून (अ) चे उत्तर मिनिटाला ११ थेंब. ०.१८७५ ही पायरी ०.१९ अशी जवळची करून पुढे नेऊ नका, कारण मग ११.४ येते. या उदाहरणात दोन्हींतून ११ च मिळतात, दुसऱ्या एखाद्या उदाहरणात मिळणार नाहीत. जवळची संख्या घ्यायची ती अगदी शेवटी, थेंबांवर आल्यावर.

उलट दिशेने ताळा पाहू. ११ थेंब म्हणजे ०.१८३३ मिलिलिटर, त्यात सुमारे २९३ मायक्रोग्रॅम औषध, आणि ६० किलोला भागल्यावर प्रति किलो ४.८९ मायक्रोग्रॅम. सांगितलेल्या ५ च्या हे पुरेसे जवळ आहे.

तुमच्या समासात उत्तर २५ थेंब आले आहे. रीत पूर्ण बरोबर आहे, चुकली आहे ती फक्त वजनाची पायरी: ५ ला थेट १३२ ने गुणले, ६६० आले, त्यातून ०.४१२५ मिलिलिटर आणि २४.७५ थेंब. भागाकार, गुणाकार, शून्ये सगळे नीट असल्यामुळेच ही चूक डोळ्यांना दिसत नाही. २५ थेंबांनी या रुग्णाला प्रति किलो ११ मायक्रोग्रॅमहून जास्त, म्हणजे सांगितलेल्याच्या दुपटीहून अधिक औषध गेले असते. आकड्यापुढे एकक लिहिण्याचा मी वर्गात जो आग्रह धरतो, तो अशाच ठिकाणी उपयोगी पडतो. ‘१३२ पौंड’ असे लिहिले असते, तर ‘प्रति किलो’ शेजारी ते लगेच खटकले असते.

थेंब मोजण्याबद्दलही एक सूचना करतो. मिनिटाला ११ थेंब म्हणजे साधारण साडेपाच सेकंदांना एक थेंब. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे कामाची नाही, कारण पंधरा सेकंदांत पावणेतीन थेंब पडतात आणि तुम्ही तीन मोजलेत तर १२, दोन मोजलेत तर ८ असे उत्तर निघेल. ड्रिप चेंबर डोळ्यांच्या पातळीत धरून पूर्ण एक मिनिट मोजावे, आणि रोलर क्लॅम्प हलवल्यावर पुन्हा मोजावे. प्रत्यक्षात असे औषध शक्यतो इन्फ्युजन पंपावरच देतात आणि पंपाला तासाचा दर लागतो. मायक्रोड्रिपमध्ये मिनिटाचे थेंब आणि तासाचे मिलिलिटर हे आकडे सारखेच येतात, कारण ६० थेंबांचा १ मिलिलिटर आणि ६० मिनिटांचा १ तास. २० थेंबांच्या साध्या सेटला मात्र हे लागू नाही.

(ब) भाग आता सोपा आहे.

८ × ६० = ४८० मायक्रोग्रॅम प्रति मिनिट
४८० ÷ १,६०० = ०.३ मिलिलिटर प्रति मिनिट
०.३ × ६० = १८ थेंब प्रति मिनिट

सकाळी १० ते दुपारी २ या चार तासांत तासाला ११ मिलिलिटरप्रमाणे ४४ मिलिलिटर गेले आणि २०६ उरले. पुढे तासाला १८ मिलिलिटर जातील.

२०६ ÷ १८ = ११.४४ तास

इथे ०.४४ तास म्हणजे ४४ मिनिटे नव्हेत, ०.४४ ला ६० ने गुणल्यावर सुमारे २७ मिनिटे येतात. दुपारी २ पासून ११ तास २७ मिनिटे मोजली, की बाटली रात्री १ वाजून २७ मिनिटांच्या सुमारास संपते. पुढची बाटली त्याआधी, साधारण एक वाजेपर्यंत तयार असावी, कारण हे औषध मध्येच थांबले तर रक्तदाब झपाट्याने खाली येऊ शकतो.