प्री-वेडिंग छायाचित्रणासाठी डिजिटल पार्श्वभूमी पॅकेजचा प्रस्ताव

प्रिय सायली आणि निखिल,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपण दोघे स्टुडिओत येऊन मनमोकळे बोललात, त्याबद्दल मनापासून आभार. दोघांनाही मिळून एकच दिवस सुट्टी मिळणार आहे आणि तरीही छायाचित्रांत एकाहून अधिक ठिकाणे असावीत अशी आपली इच्छा आहे, हे लक्षात घेऊन आम्ही हा प्रस्ताव तयार केला आहे.

आपण सहा थीम सुचवल्या होत्या. आमचा आग्रह तीनच थीमचा आहे. प्रत्येक पार्श्वभूमीसाठी प्रकाशयोजना नव्याने लावावी लागते आणि त्यात जवळपास तासभर जातो. सहा थीम घेतल्या, तर दिवसाचा बराचसा वेळ दिवे हलवण्यात जाईल आणि आपल्या वाट्याला घाईघाईने दिलेल्या पोझ येतील.

पहिली थीम पहाटेच्या रेल्वे फलाटाची असेल. दोन वर्षे दोन वेगळ्या शहरांत राहताना आपल्या बहुतेक भेटी फलाटावरच सुरू झाल्या आणि तिथेच संपल्या, असे सायली म्हणाल्या होत्या. तेव्हाच ही थीम आमच्या मनात पक्की झाली. दुसरी थीम पाऊस पडत असताना जुन्या ग्रंथालयाच्या खिडकीपाशी बसण्याची, तर तिसरी ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाखालच्या माळरानाची आहे. समुद्रकिनाऱ्याची थीम मात्र आम्ही जाणीवपूर्वक वगळली आहे. ओल्या वाळूत रुतणारे पाऊल आणि वाऱ्याने विस्कटणारे केस स्टुडिओत खरे वाटत नाहीत. ती हौस प्रत्यक्ष किनाऱ्यावरच भागवावी, असा आमचा प्रामाणिक सल्ला आहे.

फलाट आणि माळरान यांसाठी आम्ही एलईडी वॉल वापरू. भिंतीवरचे दृश्य तिथेच दिसत असल्याने आपल्याला कोऱ्या पडद्यासमोर कल्पना करत उभे राहावे लागत नाही, आणि पहाटेचा निळसर उजेड त्या दृश्यातूनच आपल्या गालांवर व कपड्यांवर उतरतो. या भिंतीसमोर फ्लॅश मारल्यास दृश्य फिके पडते, म्हणून सलग जळणारे दिवे वापरले जातील. शिवाय कॅमेऱ्याचा फोकस थेट भिंतीवर गेला, तर छायाचित्रात जाळीसारख्या लहरी उमटतात. त्या टाळण्यासाठी आपल्याला भिंतीपासून आठ ते दहा फूट पुढे उभे करून मागचे दृश्य किंचित धूसर ठेवले जाईल. ग्रंथालयाच्या थीमसाठी मात्र हिरवा पडदा अधिक योग्य ठरेल, कारण तिथे पुस्तकांची कपाटेही स्पष्ट दिसायला हवीत आणि ती नंतर संगणकावर बसवता येतात. खिडकीची चौकट, बाक आणि हाताळायची पुस्तके मात्र खरीच असतील. हात खऱ्या लाकडावर टेकला की त्याखाली पडणारी बारीक सावलीही खरी असते, आणि चित्र चिकटवल्यासारखे दिसणार की नाही, हे बहुतेक वेळा त्या सावलीवरच ठरते.

कपड्यांबाबत एक विनंती आहे. हिरव्या पडद्यासमोर हिरवा किंवा पोपटी रंग, टिकल्यांचे चमकदार काम आणि झिरझिरीत ओढणी टाळावी, कारण पडद्याचा रंग त्यांत परावर्तित होतो किंवा आरपार दिसतो. सायली यांना आवडलेली पोपटी ओढणी फलाटाच्या थीममध्ये खुशाल घेता येईल. तिथे ती खुलूनच दिसेल.

१२ नोव्हेंबर रोजी सकाळी नऊ ते सायंकाळी सहा हा वेळ आम्ही आपल्यासाठी राखून ठेवला आहे. पॅकेजमध्ये तिन्ही पार्श्वभूमी, दोन छायाचित्रकार, एक प्रकाशतंत्रज्ञ, रंगसंस्कार केलेली ६० छायाचित्रे आणि दोन मिनिटांची एक चित्रफीत यांचा समावेश आहे. १२ बाय १८ इंचांची छपाई ३०० डीपीआयने करता यावी, यासाठी प्रत्येक छायाचित्र किमान ३६०० बाय ५४०० पिक्सेलचे दिले जाईल. निवडीसाठीची छायाचित्रे चार दिवसांत आणि अंतिम छायाचित्रे आपली निवड कळल्यापासून तीन आठवड्यांत मिळतील. वेशभूषा आणि मेकअप यांचा यात समावेश नाही. पार्श्वभूमीची सर्व चित्रे आमच्या कलाकारांनी तयार केलेली किंवा रीतसर परवाना घेतलेली आहेत, आणि आपल्या लेखी संमतीशिवाय आपले एकही छायाचित्र आम्ही जाहिरातीसाठी वापरणार नाही.

शुल्काचा तपशील सोबतच्या दरपत्रकात दिला आहे. आरक्षणाच्या वेळी ४० टक्के आणि अंतिम छायाचित्रे स्वीकारताना उर्वरित रक्कम द्यावी. सात दिवस आधी कळवल्यास तारीख एकदा विनाशुल्क बदलता येईल. आमच्या यंत्रणेत बिघाड होऊन एखादी थीम राहिली, तर ती आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा चित्रित करू.

तिन्ही पार्श्वभूमींचे नमुने भिंतीवर लावून दाखवायची आमची तयारी आहे. त्या दिवशी घालायचे कपडे सोबत आणलेत, तर रंगांचा मेळ तिथेच पाहता येईल. त्यासाठी, आणि तारीख निश्चित करण्यासाठी, २५ ऑक्टोबरपर्यंत आपला निर्णय कळवावा, ही विनंती.

आपली नम्र,
मृणाल
मुख्य छायाचित्रकार

सोबत : दरपत्रक