मेतकूट पाउच : 2000 नगांचं काय करायचं

ताई नमस्कार, मेसेज काल रात्रीच बघितला पण प्रिंटरशी बोलल्याशिवाय उगाच हो म्हणायचं नव्हतं म्हणून आत्ता लिहितोय.

तुम्ही म्हणताय आधी 10,000 चे 2000 करा, मग बाकीचं बोलू. सिलिंडरवर छापायचं तर 2000 नाही होणार, सरळच सांगतो. तुमच्या डिझाइनला सहा रंग म्हणजे सहा सिलिंडर, आणि मशीन सुरू झालं की सहाही रंग एकमेकांवर नीट बसेपर्यंत 400 मीटर तरी फिल्म जाते. तुमचे 2000 पाउच शेजारीशेजारी दोन लावले तर 130 मीटरात उरकतात!! मालापेक्षा रद्दी तिप्पट, ती कुणाच्या तरी बिलात येणारच ना.

पण पहिल्याच फेरीला 10,000 घ्या असं मीही म्हणणार नाही. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या पाउचवर फूड लायसनच्या 14 आकड्यांतला एक चुकला, प्रूफ त्यांनी बघितलं मी बघितलं तरी सुटला, तो सगळा लॉट अजून त्यांच्या माळ्यावर पडलाय.

त्यामुळे 2000 डिजिटलवर काढू. सिलिंडर नाही, 13 रुपये नग, 26,000 झाले. सिलिंडरवर 10,000 घेतले तर 3.60 नग अधिक सिलिंडरचे 21,000, म्हणजे 57,000, पण सिलिंडर एकदाच, पुढच्या ऑर्डरला फक्त 3.60. दोन्हीवर जीएसटी वेगळा. 13 महाग वाटेल, वाटणारच, पण मेतकूट खपतंय का ते कळेपर्यंत 31,000 तुमच्याकडेच राहतात.

अजून एक सुचलं. भाजणी आणि शेंगदाणा चटणीही काढणार म्हणालात ना, मग तिन्हीला एकच पाउच करा, पुढे नावाची जागा कोरी आणि त्यावर लेबल, मागचा घटकांचा मजकूरही लेबलवरच. तिन्ही मिळून 10,000 संपायला जड जाणार नाहीत, मग सिलिंडरचा रेट परवडतो. फक्त साइज एकच ठेवावी लागेल, 200 ग्रॅम भाजणी त्यात बसते का ते भरून बघा आधी.

13 चा रेट मी धरून ठेवतो या महिनाअखेरपर्यंत, पण ऑर्डरबरोबर निम्मे पैसे आणि डिझाइन एकदाच फायनल, नंतर "जरा हिरवा गडद करा" नको 🙏 आणि किंमत, बॅच, तारीख छापू नका, जागा कोरी ठेवा, पॅकिंगच्या वेळी शिक्का मारा, नाहीतर डाळीचा भाव वाढला की पाउच बाद.

पत्ता टाका, उद्या पाच कोरे पाउच कुरिअर करतो, चंदेरी थराचे. मेतकूट भरून आठवडाभर ठेवा, वास बाहेर येतो का बघा. डिजिटल की तिन्हीला एक, ते त्यानंतर सांगितलंत तरी चालेल.