माफी आणि दुरुस्ती: ४३ फुटांचा तो मेसेज २०१९ चा आहे

गल्लीचा ग्रुप, शुक्रवार पेठ, कोल्हापूर. शनिवार, संध्याकाळी ५.४८

माफ करा, माझ्याकडून चूक झाली. मगाशी ५.३१ ला मी टाकलेला 'पाणी ४३ फुटांच्या वर, राधानगरीचे दरवाजे उघडले, आज रात्रीच घरं सोडा' हा मेसेज आजचा नाही. तो ऑगस्ट २०१९ च्या महापुरातला आहे. भावाला पाठवायचा होता, ग्रुपवर गेला.

आजची खरी परिस्थिती: दुपारी ४ वाजता राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३६ फूट ८ इंच. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. राधानगरीचे सातही स्वयंचलित दरवाजे बंद आहेत. घरं सोडायची सूचना आपल्या भागाला अजून आलेली नाही.

तो मेसेज कुणी पुढं पाठवला असेल तर हाही तिथं पाठवा.

त्याच्या खाली एक खासगी ओळ होती, ती फक्त भावासाठी होती. ती मी लिहायला नको होती. ज्यांच्याबद्दल होती त्यांच्याशी मी स्वतः बोलते. ती ओळ कुणी पुढं नेऊ नका, फोटो काढून ठेवला असेल तर कृपया पुसा.

५.५२

आप्पा: मला नुसतं 'मेसेज डिलीट केला' एवढंच दिसतंय. काय होतं त्यात? सून म्हणते गल्ली सोडायला सांगितलंय.

वहिनी: नाही आप्पा, कुणी सांगितलेलं नाही. जुना मेसेज होता, वर सगळं लिहिलंय. आधी माफीचा मेसेज टाकला, मगच तो काढला. नंतर फोन उघडणाऱ्यानं तो खरा धरू नये म्हणून काढला. तुम्ही जिना चढउतार करू नका. हे घरी आहेत, लगेच तुमच्याकडं पाठवते.

आप्पा: बरं. गादी तेवढी माळ्यावर टाकली होती. राहू दे तिथंच.

गोठावाले दादा: वहिनी, मी म्हशी सोडून निम्म्या वाटेत आलोय की. रंकाळ्याकडं पाहुण्यांच्यात बांधणार होतो. आता काय करू, फिरवू काय माघारी?

वहिनी: दादा, तुम्हाला नाहक पळवलं, माफ करा. फिरवा किंवा नका फिरवू, हे मी सांगणं बरोबर होणार नाही. एवढंच सांगते की पाणी खरंच वाढतंय. सकाळी ८ ला ३५ फूट १० इंच होतं, दुपारी ४ ला ३६ फूट ८ इंच. म्हणजे आठ तासांत १० इंच. तुमच्या गोठ्यात कितीला पाणी येतं हे तुम्हालाच पक्कं ठाऊक. टेम्पोचं भाडं मी देते, ते माझ्यामुळं पडलंय.

गोठावाले दादा: भाड्याचं नंतर बघू. निघालोय तर सोडूनच येतो. रातीला अंधारात म्हशी हलवायच्या म्हणजे लई हाल हुतात. फकस्त धारंला दोन्ही वेळा तिकडं जावं लागंल.

वहिनी: उद्या सकाळचा रतीब उशिरा आला तर कारण दादा नाहीत, मी आहे. सगळ्यांनी सांभाळून घ्या.

६.०३

दुसऱ्या मजल्यावरची ताई: काकू, मी तुमचा मेसेज मामाच्या ग्रुपवर टाकला. मामा प्रयाग चिखलीला असतो. तिथं फोनवर फोन चाललेत. आता काय लिहू?

वहिनी: हे जसंच्या तसं टाक:

'मगाशी मी टाकलेला ४३ फुटांचा मेसेज चुकीचा आहे. तो २०१९ चा आहे. आज दुपारी ४ ची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ३६ फूट ८ इंच. राधानगरीचे दरवाजे सध्या बंद आहेत. गावात ग्रामपंचायत आणि तलाठी जे सांगतील तेच धरा. चुकीबद्दल माफ करा.'

आणि ताई, 'काही नाही, निवांत राहा' असं मात्र आपल्या मनानं जोडू नकोस. चिखली आणि आंबेवाडीला पाणी लवकर वेढा घालतं, तिथली माणसं दर वेळी आधी निघतात. आपण चुकीची भीती घातली ती काढायची. त्यांची सावधगिरी काढायची नाही.

ताई: टाकला. मामाचा अंगठा आला.

वहिनी: मामांनी तो पुढं कुठं पाठवलाय का तेही विचार. तिथंही दुरुस्ती जाऊ दे.

६.१०

ग्रुप चालवणारे भाऊ: वहिनींनी सतरा मिनिटांत सांगितलं, त्यामुळं विषय इथंच थांबवा. कुणी त्यांना बोलू नका. यापुढं पाण्याचा मेसेज टाकताना तारीख, वेळ आणि कुठून आला हे तिन्ही लिहा. तारीख नसलेला मेसेज मी काढून टाकणार, कुणाचाही असो.

वहिनी: बरोबर आहे भाऊ. त्या जुन्या मेसेजवर तारीख असती तर तो वाचून कुणी फसलं नसतं. मी सकाळची पातळी कळली की टाकेन, तिन्ही गोष्टींसह.

खासगी. काकींच्या मुलाला, ६.२२

भाऊजी, मी गल्लीतली वहिनी. ग्रुपवर माझ्याकडून जी ओळ गेली ती तुमच्याबद्दल होती, हे तुम्ही वाचलंच असेल. ती ओळ इथं परत लिहीत नाही.

माझं चुकलं. चुकून ग्रुपवर गेली हे खरं, पण भावालासुद्धा मी तसं लिहायला नको होतं. तुम्ही रात्रपाळी करून येता, काकींची औषधं तुम्हीच आणता, हे मी बघते. मला फक्त एवढंच विचारायचं होतं की वेळ आलीच तर काकींना आमच्यासोबत भावाच्या गाडीतून उचगावला न्यावं का. ते मी तुम्हाला सरळ विचारायला हवं होतं. त्याऐवजी भलतंच लिहिलं.

ग्रुपवर मी माफी मागितली आहे, पण तुमचं आणि काकींचं नाव काढलेलं नाही. काढलं असतं तर ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांनाही कळलं असतं. तुम्हाला वाटत असेल की सगळ्यांसमोर नाव घेऊन सांगावं, तर तसंही लिहिते. तुम्ही सांगाल तसं.

काकींना मी समोर जाऊन भेटते. त्याआधी तुम्हाला कळवावं म्हणून लिहिलं.

काकींच्या मुलाकडून, ७.०५

वाचलं. ग्रुपवर परत काही लिहू नका. आईला शेजारच्यांनी वाचून दाखवलं, तिला लागलंय ते. मला आत्ता जास्त बोलायचं नाही.

वहिनी, ७.०८

बरं भाऊजी. उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. आज काकींकडं येऊ की नको एवढंच सांगा.

काकींच्या मुलाकडून, ७.३१

आज नको. उद्या या.

खासगी. भावाला, ७.४०

दादा, तुला पाठवायचा मेसेज गल्लीच्या ग्रुपवर गेला. निस्तरलंय बरंचसं. मी २०१९ चा मेसेज तुला एवढ्यासाठीच पाठवत होते की तेव्हा घर रिकामं करताना काय काय राहिलं होतं त्याची यादी त्यात खाली होती: आईची फाईल, शिलाई मशीनची मोटर, पोरांची शाळेची कागदं. ती यादी मी आता वेगळी लिहून ठेवली आहे, उद्या फोनवर सांगते. आज गाडी घेऊन येऊ नकोस. पाणी ३९ फुटांच्या पुढं गेलं की मी स्वतः फोन करेन. मेसेज करणार नाही, फोनच करेन.

गल्लीचा ग्रुप. रविवार, सकाळी ७.१४

आजची पातळी. रविवार सकाळी ७ वाजता, राजाराम बंधाऱ्याजवळ ३८ फूट २ इंच. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या सकाळच्या पत्रकातून घेतली आहे. पत्रक वर जोडलंय, तारीख बघून घ्या.

कालच्या दुपारी ४ पासून १८ इंच वाढलं. म्हणजे तासाला साधारण सव्वा इंच. हाच वेग राहिला तर दुपारनंतर ३९ फुटांची इशारा पातळी गाठेल. हा माझा हिशोब आहे, पत्रकातला नाही. धरणक्षेत्रात पाऊस कमी झाला तर चुकेलही.

राधानगरी ८६ टक्के भरलंय. वीजगृहातून १५०० क्युसेक पाणी नदीत सोडलं जातंय. दरवाजे बंद आहेत. हे दरवाजे धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, कुणी ठरवून उघडत नाही. उघडला तर एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक येतं. त्यामुळं 'सगळे दरवाजे उघडले' असा मेसेज कुठूनही आला तर आधी पत्रक बघा. काल माझ्याच मेसेजनं सगळ्यांना घाबरवलं ते याच वाक्यानं.

काल ज्यांनी सामान माळ्यावर टाकलं त्यांनी ते आज उतरवू नये असं मला वाटतं. ज्यांनी टाकलेलं नाही त्यांनी तांदूळ-ज्वारी, गॅसची शेगडी आणि कागदपत्रं तेवढी आजच उचलून ठेवावीत. २०१९ ला पाण्याचे पंप बुडाले होते आणि कितीतरी दिवस नळाला पाणी नव्हतं, म्हणून पिण्याचं पाणीही भरून ठेवा. बॅटरी, पॉवर बँक चार्ज करा.

अडचण आली तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७.

८.०२

आप्पा: पोरी, २०१९ ला ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ ला त्याच्याही वर. दोन्ही वेळा रात्रीत वाढलं. आज संध्याकाळची पातळी पण टाक.

वहिनी: टाकते आप्पा. पत्रक हातात आलं की टाकते, नाही आलं तर 'आलेलं नाही' एवढं तरी लिहिते.

गोठावाले दादा: म्हशी बऱ्या हायत. आज दूध नऊपर्यंत येतंय.

वहिनी: बरं झालं. दादा, भाड्याचं मी विसरले नाही.

खासगी. काकींच्या मुलाकडून, ८.४०

आईला विचारलं. वेळ आली तर ती तुमच्यासोबत उचगावला यायला तयार आहे. तिची गोळ्यांची पिशवी दाराजवळ ठेवलीय. दुपारी १२ नंतर या, तेव्हा मी घरी असतो.

वहिनी, ८.४२

येते भाऊजी. दादाला गाडीत काकींची जागा धरायला आत्ताच फोन करते.