प्राध्यापक परिचय: प्राणिशास्त्र विभाग, सागरी जीवशास्त्र आणि खाडी परिसंस्था

पद: प्राध्यापक व विभागप्रमुख
शिक्षण: एम.एस्सी. (प्राणिशास्त्र), पीएच.डी. (सागरी जीवशास्त्र)
अभ्यासाचे प्राणी: तिसऱ्या, कालवे, शिनाणे आणि खाडीच्या चिखलात राहणारे इतर अपृष्ठवंशीय
विद्यार्थ्यांना भेट: सोमवार व गुरुवार, दुपारी ३ ते ५, विभागप्रमुख कक्ष, पहिला मजला. उधाणाच्या दिवसांत सकाळी साडेदहाच्या आत मी विभागात सापडत नाही.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या खाड्यांत दोन झडपांचे शिंपले कुठे रुजतात, किती वेगाने वाढतात आणि पावसाळ्यात एकेका पट्ट्यात एकदम का मरतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. अध्यापन आणि विभागाचे प्रशासन ही त्याच्या जोडीची कामे. तिन्ही कामांचे वेळापत्रक भरती-ओहोटीवर बेतलेले आहे, म्हणून आधी त्याबद्दल.

ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, पण अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची उधाणाची सुकती आपल्या किनाऱ्यावर पहाटे-सकाळी आणि संध्याकाळी येते. सर्वांत खालचा चिखल तेव्हाच उघडा पडतो. ही सोय व्याख्यानांच्या पथ्यावर पडते: नमुने सकाळी गोळा होतात, तास साडेदहाला सुरू होतात. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत पाणी पुरेसे मागे हटत नाही. ते दिवस प्रयोगशाळा, बैठका आणि फायलींचे. सत्र सुरू होण्याआधी भरतीचे कोष्टक विभागाच्या वेळापत्रकाशेजारी लावले जाते आणि क्षेत्रीय प्रात्यक्षिकांच्या तारखा त्यावरून ठरतात. ‘दर शुक्रवारी’ असे प्रात्यक्षिक खाडीत होत नसते.

अध्यापन

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे प्राध्यापकाने आठवड्याला १४ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. प्रशासन व विस्तारकार्य करणाऱ्यांना २ तासांची सवलत देता येते. विभागप्रमुख म्हणून मिळणारी ही सवलत मी व्याख्यानांतून घेते, प्रात्यक्षिकांतून नाही. व्याख्यान सहकारी घेऊ शकतात. ३० विद्यार्थ्यांच्या हातात एकाच वेळी चाळण्या असताना मात्र तिथे दोन शिक्षक लागतातच.

एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात संशोधन पद्धती (४ श्रेयांक), तिसऱ्या सत्रात खाडी परिसंस्था हा विषय, आणि तिसऱ्या-चौथ्या सत्रांतले संशोधन प्रकल्प (अनुक्रमे ४ आणि ६ श्रेयांक) माझ्याकडे असतात. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. त्यात प्रवास मोजला जात नाही, भाट्याला गेलो काय आणि मालवणला गेलो काय.

क्षेत्रीय प्रात्यक्षिकात प्रत्येक गट ५० सेंटिमीटर बाय ५० सेंटिमीटरची चौकट टाकतो, १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतचा चिखल काढतो आणि चाळतो. मोठे शिंपले मोजायला १ मिलिमीटरची चाळण पुरते. नुकती रुजलेली पिल्ले हवी असतील तर ०.५ मिलिमीटरची लागते, नाहीतर ‘या पट्ट्यात पिल्ले नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष अहवालात उतरतो. चौकट कुठे टाकायची ते आधी काढलेल्या यादृच्छिक आकड्यांवरून ठरते. डोळ्यांना शिंपले दिसले तिथे चौकट टाकणे हा सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे आणि त्यावर गुण कापले जातात.

विरघळलेला प्राणवायू विंकलर पद्धतीने मोजतो. बाटलीत एक जरी बुडबुडा राहिला तरी आकडा फुगतो, आणि मँगनीज सल्फेट व क्षारीय आयोडाइड जागेवर न घालता बाटली तशीच विभागात आणली तर आत जे जिवाणू असतात ते वाटेत प्राणवायू खाऊन टाकतात. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर दर वेळी ऊर्ध्वपातित पाण्यावर शून्याला लावायचा. हे दोन टप्पे जर्नलमध्ये नोंदलेले नसतील तर मी सही करत नाही.

नमुने टिकवताना चूक झाली तर ती महिनाभराने कळते, म्हणून इथे जरा लांबून सांगते. शिंपल्याचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे. साधे फॉर्मॅलिन ठेवल्या ठेवल्या आम्लधर्मी होत जाते आणि लहान पिल्लांची कवचे त्यात विरघळू लागतात. बोरॅक्स घालून उदासीन केलेले १० टक्के फॉर्मॅलिनच वापरायचे. ज्या नमुन्याचा डीएनए पुढे काढायचा असेल तो फॉर्मॅलिनला लागूच द्यायचा नाही, थेट ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाकायचा आणि २४ तासांनी इथेनॉल बदलायचे, कारण शिंपल्यातले पाणी ते पातळ करते. ऊतींचे काप घ्यायचे असतील तर डेव्हिडसनचे द्रावण. एकाच शिंपल्यावर तिन्ही गोष्टी होत नाहीत, त्यामुळे चिखलात उभे राहूनच वाटणी ठरवावी लागते. लेबल बाटलीच्या आत, जाड कागदावर, पेन्सिलीने. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये निघून जाते. संगणकावरच्या नोंदीचे नाव आणि लेबल एकच असावे: ठिकाण, तारीख, चौकट, उदाहरणार्थ `BHATYE_20250115_Q03`.

संशोधन

सध्या दोन खाड्यांची तुलना चालू आहे. वाशिष्ठीत कोयना जलविद्युत प्रकल्पाचे सोडलेले पाणी बाराही महिने येते, त्यामुळे दाभोळ खाडीच्या वरच्या भागाला उन्हाळ्यातही गोडे पाणी मिळते. रत्नागिरीजवळची काजळी तशी नाही. तिचे गोडे पाणी पावसाळ्याबरोबर ओसरते आणि मे महिन्यात भाट्याची क्षारता समुद्राच्या जवळ जाते. म्हणजे एकाच किनाऱ्यावर, एकाच पावसात, शिंपल्यांना दोन वेगळी वर्षे मिळतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर क्षारता कोसळते तेव्हा शिंपले झडपा मिटून बसतात, खाणे थांबते आणि कवचावर वाढीची खूण उमटते. अशा खुणा फक्त पावसाळ्यात उमटतात की धरणाच्या पाण्याच्या चढ-उतारानेही, हे कळल्याशिवाय खुणा मोजून वय सांगणे धोक्याचे. जुन्या अहवालांतली वये या कारणाने पुन्हा तपासायला हवीत असे माझे मत आहे.

दुसरे काम स्थिती निर्देशांकाचे: मांसाचे कोरडे वजन भागिले कवचाचे कोरडे वजन, गुणिले १००. मांस ६० अंश सेल्सिअसला, वजन स्थिर होईपर्यंत. ‘रात्रभर सुकवले’ हे पुरेसे वर्णन नाही. हा आकडा अंडी सोडल्यावर झपाट्याने उतरतो, त्यामुळे प्रजननाचा काळ ढोबळमानाने कळतो. खात्री मात्र जननग्रंथीच्या कापांवरूनच करावी लागते, कारण उपासमारीनेही तो उतरतो.

प्रजातींची नावे बदलली आहेत. आपले कालव जुन्या साहित्यात क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस म्हणून सापडते, आता ते मॅगालाना बायलिनिएटा. शोध दोन्ही नावांनी घ्यावा. स्थानिक नावही नोंदवावे, आणि कोणत्या गावात ऐकले तेही, कारण तिसरी, खुबा आणि मुळा या नावांची वाटणी खाडीगणिक बदलते. खाडीत रोज उतरणाऱ्या बायका कोणता पट्टा कधी ओस पडला ते आमच्या चौकटींआधी सांगतात. त्यांची माहिती वापरली तर त्यांना ती परत समजावून सांगणे हा प्रकल्पाचा भाग धरला जातो. त्यांच्या ठरलेल्या पट्ट्यात न विचारता खणायचे नाही.

परवानग्या: १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही. प्रवाळ, समुद्री घोडे आणि समुद्री काकडी यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. जाळ्यात मेलेले सापडले तरी विभागाच्या संग्रहासाठी आणू नका.

पीएच.डी. इच्छुकांसाठी

प्राध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त ८ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. क्षेत्रीय काम आणि एकच ओव्हन पाहता मी ५ च्या पुढे जात नाही. कालावधी किमान ३ वर्षे, कमाल ६. पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात किमान ५५ टक्के हवेत. हंगामी प्राण्यावर काम करणाऱ्याने एक गणित आधीच करावे: दोन पूर्ण पावसाळे हाती लागायचे तर पहिल्या वर्षीचा मे उलटण्यापूर्वी ठिकाणे, परवानग्या आणि पद्धत पक्की हवी. ते हुकले की एक वर्ष गेले. शिष्यवृत्ती बहुधा त्या वर्षासाठी थांबत नाही.

पहिल्या भेटीला दोन पानी टिपण आणा: प्रश्न, ठिकाण, काय मोजणार, आणि कोणते उत्तर आले तर तुमचा अंदाज खोटा ठरेल. ‘रत्नागिरी जिल्ह्यातील मृदुकाय प्राण्यांची विविधता’ एवढ्यावर नोंदणी होणार नाही. पोहता येणे आवश्यक नाही, पण चिखलात एकट्याने न जाणे आवश्यक आहे. हा नियम मलाही लागू आहे.

प्रशासन

विभागप्रमुख, अभ्यास मंडळाची सदस्य, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची विभागीय समन्वयक. नॅकच्या वार्षिक अहवालाची कागदपत्रे वर्षअखेरीस गोळा करायला बसले की सर्वांचे दोन आठवडे जातात आणि निम्मी छायाचित्रे तारखेविना निघतात. म्हणून प्रत्येक उपक्रमाची सूचना, हजेरीपत्रक आणि अर्ध्या पानाचा अहवाल सात दिवसांत विभागाच्या सामायिक फोल्डरमध्ये जातो. रसायने व काचसामानाची मागणी जुलै आणि डिसेंबरमध्ये एकत्र केली जाते. मधेच लागलेल्या बाटलीसाठी वेगळी प्रक्रिया चालवण्यापेक्षा शेजारच्या प्रयोगशाळेतून उसनी घेतलेली बरी.

बोनाफाइड आणि अर्जांवरच्या सह्या रोज दुपारी २ ते २.३०. शिफारसपत्र हवे असल्यास १५ दिवस आधी सांगा. सोबत गुणपत्रिका, ज्या जागेसाठी अर्ज आहे तिची जाहिरात आणि माझ्या प्रात्यक्षिकात तुम्ही नेमके काय केले याच्या चार ओळी द्या. जे मी पाहिलेले नाही ते मी लिहीत नाही. अंतर्गत गुणांबद्दलची शंका यादी फलकावर लागल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत, लेखी. गुण विद्यापीठाच्या प्रणालीत भरून गेल्यावर बदल करणे विभागाच्या हातात उरत नाही.

सहकारी प्राध्यापक व संशोधकांसाठी

प्रसिद्ध झालेल्या कामामागची मूळ मोजमापे, लांबी, वजने, क्षारता व तापमान, मागितल्यास एका सुट्या फाइलमध्ये मिळतात. खाडीतले नेमके अक्षांश-रेखांश मात्र गावाच्या संमतीशिवाय देत नाही, कारण चांगल्या पट्ट्याचा पत्ता बाहेर गेला की उपसा करणारे तिथे पोहोचतात. नमुन्यांची देवाणघेवाण होते. इथेनॉल ज्वालाग्राही असल्याने पार्सल पाठवण्यापूर्वी ते बहुतांश ओतून टाकावे आणि नमुने इथेनॉलनेच ओल्या केलेल्या कापसात गुंडाळून पाठवावेत.

बाह्य परीक्षक म्हणून प्रबंध स्वीकारते, एका सत्रात दोनच. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाही: तेव्हा प्रात्यक्षिक परीक्षा असतात. प्रबंधासोबत कच्च्या नोंदींची प्रत आणि साम्य तपासणीचा अहवाल यावा. संदर्भग्रंथांची यादी तपासणीतून वगळली आहे का ते त्यावर स्पष्ट असावे, नाहीतर १० टक्क्यांची मर्यादा पाळली गेली की नाही हे मला ठरवता येत नाही.